दुकानदाराच्या मुलीला विक्रीच्या स्क्रीनशॉटमध्ये दडलेला क्रम सापडतो, ही कथा कशी लिहावी

या विषयावरच्या कथा बहुतेक वेळा एकाच जागी अडतात. मुलगी फोनकडे पाहते, आकड्यांमध्ये तिला काहीतरी दिसते आणि पुढच्या परिच्छेदात सारे घर थक्क होते. तिला नेमके काय दिसले, ते वडिलांना इतके दिवस का दिसले नाही आणि वाचकाला ते स्वतः पडताळून पाहता येईल का, हे लेखकाने ठरवलेलेच नसते. असा शोध वाचकाला विश्वासावर मान्य करायला लावता येत नाही. म्हणून ही कथा पहिल्या वाक्यापासून लिहायला घेऊ नये. आधी दुकानाचा एक महिना कागदावर मांडावा आणि मगच मुलीच्या हातात फोन द्यावा. पुढे एक उदाहरण शेवटपर्यंत रचून दाखवले आहे. त्यातले कुटुंब आणि दुकान काल्पनिक आहे, मात्र तारखा, वार आणि दुधाच्या बिलाची रीत खरी आहे.

पहिली पायरी: आकड्यांआधी कारण ठरवावे

दडलेला क्रम म्हणून आठवडी बाजार घेऊ नये. बाजाराच्या दिवशी गल्ला भरतो, हे कोणत्याही दुकानदाराला मुलीकडून ऐकावे लागत नाही. वाराला बांधलेला आणि महिन्याच्या ठरावीक तारखेला बांधलेला, असे दोन्ही क्रम दुकानदाराच्या अंगवळणी पडलेले असतात. त्याच्या नजरेतून निसटतो तो यांपैकी कशालाच बांधलेला नसलेला क्रम.

दुधाच्या पट्ट्यातल्या गावात असा क्रम आयताच मिळतो. संगमनेर तालुक्यातले एखादे गाव घ्यावे. अनेक दूध संकलन केंद्रे उत्पादकांचा हिशेब दर दहा दिवसांनी करतात: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. घरात दोन गायी, दिवसाला २० लिटर दूध आणि लिटरला ३० रुपये भाव धरला, तर दहा दिवसांचे ६,००० रुपये होतात. त्यातून पशुखाद्याचे पैसे कापले जातात आणि उरलेली रक्कम हिशेब बंद झाल्यावर काही दिवसांनी हातात पडते. आपल्या गावात बिल चौथ्या दिवशी होते आणि तो दिवस रविवार असेल तर सोमवारी होते, असा नियम ठरवून टाकावा. कथेत हा नियम कोणीही मोठ्याने सांगणार नाही, पण लेखकाला तो पाठ असला पाहिजे.

आता त्याला दुसरे कारण जोडावे. हे केंद्र पूर्वी बिल रोख देत असे आणि जुलै २०२४ पासून ते उत्पादकाच्या बँक खात्यात जमा करू लागले, असे धरावे. त्या वर्षी गायीच्या दुधासाठी राज्य सरकारने जाहीर केलेले लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान थेट खात्यात जाणारे होते. त्यामुळे घरोघरी खाती चालू झाली आणि केंद्रानेही आपले बिल त्याच वाटेने पाठवायला सुरुवात केली, हे त्या काळाशी जुळते. गावातल्या किराणा दुकानात दुधाच्या घरांची उधारी बिलावर चालते. आधी ती नोटांनी फिटत होती, आता ती काउंटरवरच्या क्यूआर कोडवर फिटू लागली. कथेचे बीज एवढेच आहे: पेमेंट अ‍ॅपच्या पडद्यावर ‘विक्री’ या नावाखाली जी रक्कम दिसते, तिच्यातला काही भाग विक्री नसून जुन्या उधारीची वसुली आहे.

दुसरी पायरी: संपूर्ण महिना मांडावा

जुलै २०२४ सोमवारी सुरू झाला. १ ते ३१ तारखांच्या ओळी आखाव्यात आणि प्रत्येक ओळीत वार, त्या दिवशी आलेल्या पेमेंटची संख्या आणि एकूण रक्कम लिहावी. साध्या दिवसाला ४० च्या आसपास पेमेंट आणि सुमारे ५,००० रुपये धरावेत. रोज थोडे वर-खाली करावे, कारण सलग सारखे आकडे दिसले की वाचकाला लेखकाचा हात दिसतो.

बिलाचे दिवस नियमाने काढावेत. २१ ते ३० जूनचे बिल ४ जुलैला, गुरुवारी होते. १ ते १० जुलैचे १४ तारखेला व्हायला हवे, पण तो रविवार आहे, म्हणून ते १५ ला, सोमवारी होते. ११ ते २० चे २४ ला, बुधवारी होते. या तीन दिवसांतले अंतर एकदा ११ दिवसांचे आणि एकदा ९ दिवसांचे पडले, हे लक्षात घ्यावे. हिशेब दहा दिवसांचा असूनही पडद्यावर दहा हा आकडा कुठेच दिसत नाही. क्रम लपवण्यासाठी लेखकाला कसलीही क्लृप्ती करावी लागली नाही, ते काम रविवारने केले.

शिवाय त्या महिन्यात १७ तारखेला, बुधवारी, आषाढी एकादशी होती. आदल्या दिवशी साबुदाणा, भगर, शेंगदाणे यांसाठी दुकानात गर्दी होणार. ही गर्दी खऱ्या विक्रीची आहे आणि ती बिलाच्या दिवसाला अगदी खेटून आली आहे. खोटा माग म्हणून याहून चांगले काही शोधूनही सापडले नसते. मांडलेल्या महिन्यातल्या कामाच्या ओळी अशा दिसतील:

| तारीख | वार | पेमेंट | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|
| ३ | बुध | ४१ | ४,९२० |
| ४ | गुरु | ५० | १२,५०० |
| १५ | सोम | ५२ | १३,५२० |
| १६ | मंगळ | ७२ | ७,९२० |
| २४ | बुध | ४९ | ११,७६० |

महिन्याची बेरीज सुमारे १,८०,७०० होते. जूनमध्ये उधारी अजून रोखीने फिटत होती, म्हणून त्या महिन्याची बेरीज ३० दिवसांची, सुमारे १,५०,००० धरावी. वडिलांच्या फोनवर एका महिन्यात तीस हजारांहून जास्त वाढ दिसते आहे आणि ते आनंदात आहेत. त्यांनी लगेच हिशेबही केला आहे: किराण्यात सरासरी दहा टक्के सुटतात, म्हणजे महिन्याला तीन हजारांची भर पडली आणि २,८०० रुपयांच्या हप्त्यावर डीप फ्रीजर घेता येईल. मुलीला जे सापडणार आहे त्याची किंमत या हप्त्यामुळे ठरते. हप्ता नसेल तर तिचा शोध हुशारीचा एक नमुना होऊन राहील.

तिसरी पायरी: स्क्रीनशॉट कापावा

पूर्ण तक्ता आणि स्क्रीनशॉट यांत मोठा फरक आहे आणि कथा त्या फरकावर उभी राहते. फोनच्या एका पडद्यावर साधारण चौदा ओळी मावतात. शिवाय अशा यादीत नवी तारीख वर आणि जुनी खाली असते. वडिलांनी ३१ जुलैच्या रात्री यादी खाली सरकवत, सर्वांत मोठे आकडे दिसतील अशा जागी थांबून, १६ ते ३ तारखांचा तुकडा पुण्यात शिकणाऱ्या मुलीला पाठवला, असे लिहावे. तो तुकडा अभिमानाने निवडलेला आहे, त्यामुळे माणूस आणि माहिती दोन्ही एकाच कृतीत दिसतात. २४ तारीख या तुकड्याच्या बाहेर राहिली, तिचा उपयोग पुढे होणार आहे.

या पडद्यावर काय नाही, याचीही नोंद लेखकाने स्वतःपाशी ठेवावी. रोख विक्री नाही. उधारीवर गेलेला माल नाही. कोणी किती दिले हे नाही, फक्त दिवसाची संख्या आणि बेरीज आहे. मुलीला नावांची यादी दिसली तर कथा पहिल्याच पानावर संपेल.

चौथी पायरी: तिला आधी चुकू द्यावे

मुलीचे नाव मनीषा ठेवू. ती वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वडिलांना अण्णा म्हणते. तिला १५ आणि १६ हे दोन मोठे दिवस शेजारी दिसतात आणि १७ ला आषाढी होती हे आठवते. आषाढीमुळे दुकान चालले, ही तिची पहिली समजूत असावी. ही समजूत समंजस आहे, तिच्या घरातून आलेली आहे आणि एका दिवसापुरती खरीही आहे. पण मग ४ तारखेचे काय, हा प्रश्न उरतो. त्यानंतर ती ४ आणि १५ यांतले अकरा दिवस मोजते, पुढचा मोठा दिवस २६ ला असेल असे धरते आणि वडिलांना विचारते. उत्तर येते ते असे:

> “सव्वीसला काही नाही गं. चोवीसला हायेत बघ अकरा हजार सातशे साठ. का गं?”
>
> “काही नाही, अण्णा. त्या दिवशी पेमेंट किती आली, तेवढं बघून सांगा ना.”

अकराचा अंदाज मोडला, पण मोठा दिवस खरोखरच निघाला. वाचकाला गुंतवणारी जागा ही आहे, म्हणून इथे घाई करू नये. मुलगी पहिल्याच प्रयत्नात बरोबर ठरली तर लेखकाने तिला उत्तर पुरवल्यासारखे वाटते. आणि ती पूर्णच चुकली तर पुढे शोधण्याचे तिला कारण उरत नाही.

पाचवी पायरी: शोध भागाकारातून यावा

आता तिने फक्त रक्कम पाहणे सोडून प्रत्येक दिवसाची रक्कम पेमेंटच्या संख्येने भागावी. ३ तारखेला एका पेमेंटमागे १२० रुपये पडतात. १६ ला, आषाढीच्या आदल्या दिवशी, ११० पडतात. म्हणजे त्या दिवशी माणसे जास्त आली, पण प्रत्येकाने नेहमीएवढेच किंवा किंचित कमी दिले. ४ तारखेला मात्र हा आकडा २५० आहे, १५ ला २६० आणि २४ ला २४०. या तिन्ही दिवशी माणसे थोडीच वाढली आणि पैसे दुपटीहून जास्त आले. गर्दीचा दिवस आणि पैशाचा दिवस वेगवेगळा आहे, हे तिला इथे उमगते.

यापुढचा टप्पा तिला वहीच्या कोपऱ्यात करू द्यावा. १५ तारखेच्या ५२ पेमेंटपैकी नेहमीची ४२ प्रत्येकी १२० रुपयांची धरली, तर त्यांचे ५,०४० होतात. उरली १० पेमेंट आणि ८,४८० रुपये, म्हणजे एकामागे जवळपास साडेआठशे. त्यांच्या दुकानात एका वेळी साडेआठशेचा किराणा नेणारी दहा घरे एकाच दिवशी येत नाहीत, हे तिला कॉलेजने शिकवलेले नाही. सुट्टीत काउंटरमागे बसून ते तिला माहीत झाले आहे. हाच हिशेब ४ आणि २४ तारखेला लावला की अनुक्रमे ७,४६० आणि ६,७२० रुपये जादा निघतात. तिन्ही मिळून २२,६६०.

हा हिशेब ढोबळ आहे आणि कथेनेही तो ढोबळच ठेवावा. एखादा माणूस उधारी आणि त्या दिवसाचा माल यांचे पैसे एकाच वेळी स्कॅन करून देतो, तेव्हा सरासरीवरून ते वेगळे करता येत नाही. सरासरी संशय उभा करते, खात्री देत नाही. मनीषाने या क्षणी “ही उधारी आहे” असे जाहीर केले तर ती पुराव्याच्या पुढे धावते, आणि आकडे समजणारा वाचक तिथेच तिची साथ सोडतो.

सहावी पायरी: पडताळा वहीत ठेवावा

खात्री करण्याची जागा घरातच, पण फोनच्या बाहेर असावी. अण्णा काउंटर पाहतात आणि उधारीची वही आई लिहिते, अशी वाटणी करावी. अनेक दुकानांत ती खरोखरच अशी असते आणि त्यामुळे एकाच दुकानाच्या दोन नोंदी कधी शेजारी येत नाहीत. साउंड बॉक्सवर “पाचशे रुपये प्राप्त झाले” हे अण्णा ऐकतात. ते पाचशे कोणत्या नावासमोर खोडायचे, ते आई पाहते. या प्रसंगात मनीषा आईला फोन करते, ४, १५ आणि २४ तारखांना वहीत काय जमा आहे ते विचारते आणि आई वाचू लागते: पाचशे, हजार, आठशे, पुन्हा हजार. सगळ्या रकमा गोल आहेत. मालाची रक्कम ४७ किंवा १३२ अशी येते, उधारीवर माणूस पाचशे टाकून जातो. हा फरक वाचकाला समजावून सांगू नये, आईच्या वाचण्यातून ऐकू द्यावा.

> “आई, हे सगळे एकाच दिवशी कसे काय आले?”
>
> “अगं, बिल झालं की येतातच की. आता खात्यावर येतंय ना दुधाचं, मग फोनवरच देतात.”

दहा दिवसांचे कोडे आईच्या एका वाक्यात सुटते. तिच्यासाठी ते कोडे कधी नव्हतेच. रविवारचा नियमही तिच्या तोंडून सहज यावा: “चौदाला रविवार होता, म्हणून सोमवारी झालं.”

कथा इथे संपवण्याचा मोह होतो, पण खरा ऐवज आईशी चाललेल्या याच बोलण्यात पुढे आहे. आई नावे वाचत असताना दोन नावांसमोर जुलैभर काहीच जमा नाही, असे मनीषाच्या लक्षात यावे. दोन्ही घरांत गायी आहेत, दूध रोज केंद्रावर जाते. पूर्वी दूध घालायला जाणारी बाईच रोख बिल घेऊन येई आणि परतताना दुकानात पैसे देऊन जाई. आता बिल नवऱ्याच्या नावाच्या खात्यात जमा होते आणि फोनही त्याच्याच खिशात असतो. स्क्रीनशॉट फक्त आलेले पैसे दाखवतो, न आलेल्या पैशांना त्यात ओळ नसते. क्रम सापडल्यामुळेच ही अनुपस्थिती दिसली, कारण कोणत्या दिवशी कोणी यायला हवे होते हे आता तिला कळले आहे. माझ्या मते या कथेचा सर्वांत मोलाचा परिच्छेद हा आहे. त्या दोन बायकांपैकी एकीला काउंटरशी आणून उभे करावे: ती पावशेर तेल मागते, वहीत लिहा असे म्हणत नाही आणि आई न विचारता लिहून घेते. यात कोणी कोणाची कीव करू नये.

सातवी पायरी: वडिलांना सांगण्याचा प्रसंग

मनीषाने अण्णांना “धंदा वाढलाच नाही” असे सांगू नये. तिने वाढीची फोड करून द्यावी: २२,६६० जुनी उधारी, सुमारे ५,००० जुलैचा एकतिसावा दिवस, आणि राहिलेले तीनएक हजार आषाढीचा माल. उधारीचा माल आधीच विकला गेला होता, त्याचा नफा जुन्याच महिन्यांचा आहे. जादा दिवस काही महिन्यांत असतो, काहींत नसतो आणि आषाढी वर्षातून एकदा. फ्रीजरचा हप्ता मात्र दर महिन्याला आहे. अण्णांची पहिली प्रतिक्रिया चिडीची असली तरी चालेल, पण त्यांना मूर्ख ठरवू नये. पडद्यावर ‘विक्री’ असेच लिहिलेले होते आणि त्यांनी ते वाचले. त्यांनी एक रास्त प्रश्नही विचारावा: रोखीची विक्री या फोनमध्ये नाही, मग धंदा वाढला नाही हे तरी तू कशावरून म्हणतेस? याचे उत्तर मनीषाकडे नाही आणि तिने ते तसे कबूल करावे. त्यासाठी रोजचा गल्ला वेगळा लिहावा लागेल, असे ती सांगते आणि अण्णा ते मान्य करतात किंवा करत नाहीत, हे लेखकाने आपल्या माणसांच्या स्वभावावरून ठरवावे.

नंतरची परीक्षा म्हणून पुढचा बिलाचा दिवस वापरता येतो. २१ ते ३१ जुलैचे बिल ४ ऑगस्टला यायला हवे, पण २०२४ मध्ये तो रविवार होता आणि दीप अमावास्याही, त्यामुळे बिल ५ ला. त्याच ५ ऑगस्टला श्रावण सुरू झाला आणि पहिला श्रावणी सोमवारही तोच, म्हणजे उपवासाच्या मालाची गर्दी पुन्हा बिलाला येऊन भिडते. मनीषाचे म्हणणे खरे असेल तर ४ तारखेला पेमेंटची संख्या वाढेल आणि सरासरी जागच्या जागी राहील, ५ ला मात्र सरासरीही दुपटीच्या आसपास जाईल. रकमेकडे पाहून हे दोन दिवस वेगळे सांगता येणार नाहीत, भागाकारानेच येतील. ही परीक्षा कथेत दाखवायची असेल तर अण्णांना स्वतः भागाकार करू द्यावा आणि मनीषाला त्या संध्याकाळी फोनवर ठेवू नये.

कच्चा खर्डा झाल्यावर कथेतला प्रत्येक आकडा मूळ तक्त्याशी ताडून पाहावा. संवादात सांगितलेली २४ तारखेची रक्कम तक्त्यातल्याएवढीच आहे का आणि प्रत्येक तारखेचा वार बरोबर आहे का, हे जुने कॅलेंडर उघडून तपासावे. त्यानंतर खर्डा किराणा दुकान चालवणाऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावा आणि एवढेच विचारावे की बिलाच्या दिवशी त्यांच्याकडे माणसे किती वाजता येतात. त्या उत्तराप्रमाणे साउंड बॉक्सच्या प्रसंगाची वेळ बदलून घ्यावी.